अकरा लाख चाळीस हजार आणि आठ लाख सत्तर हजार : दोन ऑफर लेटर्स वाचताना

९ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी चाकणच्या एका कंपनीकडून मला ऑफरचा मेल आला. पॅकेज वर्षाला ११ लाख ४० हजार. तेव्हा साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून माझ्या हातात महिन्याला ४३ हजार येत होते. मी तिथल्या तिथे बाराने भागलं. ९५ हजार. म्हणजे दुपटीहून जास्त. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तासाभरात माझ्या माहेरी, शाहूपुरीतही बातमी पोचली.

मेलच्या शेवटी लिहिलं होतं की तीन दिवसांत सही करून पाठवा, नाहीतर ऑफर रद्द समजली जाईल. त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंद होता तसंच मुलाचं काय करायचं हा प्रश्नही होता. तो चार वर्षांचा आहे. यांचं मेडिकलचं दुकान साताऱ्यात आहे, त्यामुळे सगळं घर उचलून चाकणला नेणं शक्य नव्हतं. गेले असते तर मी एकटीच, आणि शनिवार-रविवारी घरी. पण पगार दुप्पट होत असेल तर दोन वर्षं काढू, असं आम्ही दोघांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

मी सही केली नाही ती मामांमुळे. माझे मामा एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून निवृत्त झालेत; तीसेक वर्षं त्यांनी लोकांचे पगार काढले. फोनवर मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी आधी अभिनंदन केलं आणि मग विचारलं, "अगं, ॲनेक्शर आलंय का? पगाराची फोड असलेला कागद?" मेलला तो कागद जोडलेलाच नव्हता. "मग तो मागव. आणि मुदतही मागून घे. मागितली म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही."

दुसऱ्या दिवशी मी एचआरला मेल केला. चार गोष्टी विचारल्या. महिन्याची पगाराची फोड कशी आहे, व्हेरिएबल, म्हणजे पगारातला कामगिरीवर ठरणारा भाग, किती, कधी आणि कशावर मिळतो, पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो की १५ हजारांवर, आणि मेडिक्लेमचा हप्ता व ग्रॅच्युइटी पॅकेजमध्ये धरली आहे का. मेल पाठवताना हात थरथरत होते. ऑफर हातची जाईल अशी खरोखर भीती वाटत होती. मध्ये सुट्ट्या आल्या आणि १५ तारखेला उत्तर आलं. मुदत २१ एप्रिलपर्यंत वाढवून दिली होती आणि ॲनेक्शरही जोडलं होतं.

योगायोग असा की १६ तारखेला शिरवळच्या एका कंपनीचंही ऑफर लेटर आलं. तिथे मी मार्चमध्ये मुलाखत दिली होती. पॅकेज ८ लाख ७० हजार. पहिल्यापेक्षा २ लाख ७० हजारांनी कमी. खरं सांगायचं तर मी तो मेल वाचून बाजूला ठेवून दिला होता.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही कागदांच्या प्रिंट काढून मामांकडे गेले. त्यांनी शंभरपानी वही उघडली, एक पेन घेतलं आणि एक पेन्सिल. नक्की मिळणारे पैसे पेनने लिहायचे, मिळाले तर मिळणारे पेन्सिलने. प्रत्येक ऑफरचं एक पान आणि पानावर तीन रकाने : दर महिन्याला हातात येणारे, माझ्या नावावर जमा होणारे, आणि अटी घातलेले. "पॅकेज म्हणजे तुझा पगार नाही. कंपनीला तू वर्षाला केवढ्याला पडतेस, तो आकडा आहे," मामा म्हणाले.

आधी चाकणचं पान. ११ लाख ४० हजारांतले १५ टक्के, म्हणजे १ लाख ७१ हजार, व्हेरिएबल होते. ते थेट पेन्सिलीच्या रकान्यात गेले. ६० हजार रिटेन्शन बोनस होता. तो नोकरीला वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणार आणि दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत करावा लागणार. तोही पेन्सिलने. बेसिक महिन्याला ३८ हजार. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ४,५६० रुपये, कंपनीचा पीएफचा वाटा. तो आपल्याला वेगळा मिळतो असं मी समजत होते, पण इथे तो पॅकेजच्या आतच होता. मग बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, महिन्याला १,८२८. आणि वर्षाला १८ हजार मेडिक्लेमचा हप्ता. हे सगळं वजा केल्यावर महिन्याचा ग्रॉस उरला ६७,८६२. त्यातून माझा स्वतःचा पीएफ ४,५६० आणि व्यवसाय कर २०० कापला की हातात ६३,१०२.

मामांनी तो आकडा लिहून त्याला चौकट केली. मी ९५ हजारांचं गणित मनात धरून बसले होते. त्या चौकटीकडे बघताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. कुणी फसवलं नव्हतं, ॲनेक्शरमध्ये सगळं लिहिलेलं होतं. मी फक्त बाराने भागलं होतं.

ग्रॅच्युइटीची ओळ मामांनी तिसऱ्या रकान्यातही घेतली नाही, पानाच्या अगदी तळाशी लिहिली. पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही. दोन-तीन वर्षांसाठी जायचा विचार असेल तर तो पैसा आपला नाहीच, तरीही तो पॅकेजचा आकडा फुगवतो. चाकणच्या बाबतीत ते वर्षाचे जवळजवळ २२ हजार होते. ४.८१ टक्के कुठून येतात हेही मी तेव्हाच विचारून घेतलं. दर वर्षाला पंधरा दिवसांचं बेसिक, महिना सव्वीस दिवसांचा धरून, आणि ते बारा महिन्यांवर वाटलेलं.

प्राप्तिकराचं मला फार टेन्शन होतं. त्यावर मामा म्हणाले की दोन्हीकडे शून्य. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पगारदारांना त्याआधी ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन मिळते. माझा व्हेरिएबल आणि बोनस पूर्ण मिळाला असता तरी मी त्या मर्यादेच्या आतच होते. नव्या रचनेत घरभाडे भत्त्यावर सूट नाही, त्यामुळे एचआरएची ओळ मोठी की स्पेशल अलाउन्सची, याने मला काहीच फरक पडत नव्हता. जुन्या रचनेत राहणाऱ्यांनी आणि ज्यांचा आकडा पावणेतेरा लाखांच्या वर जातो त्यांनी मात्र ही ओळ नीट पाहायला हवी.

मग शिरवळचं पान. ८ लाख ७० हजारांत व्हेरिएबल फक्त ५ टक्के, ४३,५०० रुपये. ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम पॅकेजच्या बाहेर, कंपनी वेगळी भरते. रिटेन्शन वगैरे काही नाही. पीएफ कायद्याच्या किमान मर्यादेवर, म्हणजे १५ हजारांच्या १२ टक्के, महिन्याला १,८००. ग्रॉस निघाला ६७,०७५. माझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा करून ६५,०७५. कंपनीची बस साताऱ्यातून सुटते, तिचे ९०० आणि कँटीनचे ३७५ पगारातून कापतात. तरी हातात ६३,८००.

पावणेतीन लाखांनी लहान असलेल्या ऑफरमध्ये हातात येणारी रक्कम सातशे रुपयांनी जास्त होती. मी मामांना बेरीज पुन्हा करायला लावली.

पण मामा तिथे थांबले नाहीत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं हातात किती येतं एवढंच बघितलं असतं तर तीही चूकच झाली असती. शिरवळला हातात जास्त येत होतं याचं मोठं कारण म्हणजे तिथे पीएफ कमी कापला जात होता. चाकणला माझे ४,५६० आणि कंपनीचे ४,५६० मिळून दर महिन्याला ९,१२० रुपये माझ्या नावावर जमा होणार होते. शिरवळला १,८०० आणि १,८००, म्हणजे ३,६००. कंपनीच्या वाट्यातले १,२५० दोन्हीकडे पेन्शन योजनेत जातात. शिरवळला त्यानंतर पीएफ खात्यात कंपनीचे फक्त ५५० उरतात. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं. ते पैसे माझेच आहेत, फक्त आज खर्चायला मिळत नाहीत. म्हणून दुसरा रकाना पेनने भरायचा. त्या रकान्यात वर्षाला चाकणचे १,०९,४४० आणि शिरवळचे ४३,२००.

आता पेन्सिलीचा रकाना उरला. व्हेरिएबलबद्दल एचआरच्या उत्तरात एवढंच होतं की कंपनीची कामगिरी आणि वैयक्तिक रेटिंग यांवर अवलंबून. हा आकडा बाहेरून कळतच नाही, तिथल्या माणसालाच विचारावं लागतं. कराडच्या कॉलेजातली माझी एक वर्गमैत्रीण चाकणच्या त्या कंपनीत तीन वर्षं आहे. तिला फोन केला. तिने मोकळेपणाने सांगितलं की ऑफर लेटरमध्ये लिहिलेली रक्कम तिला एकदाही पूर्ण मिळाली नाही. गेल्या वर्षी ६० टक्के मिळाली, त्याआधी त्याहून कमी. तिने सांगितलेली दुसरी गोष्ट तर मला सुचलीच नसती. वर्ष एप्रिल ते मार्च धरतात आणि पैसे जूनमध्ये देतात. त्या दिवशी तुम्ही कंपनीच्या पटावर असायला हवं आणि राजीनामा दिलेला नसावा. म्हणजे मे महिन्यात नोकरी सोडली तर आख्ख्या वर्षाचा व्हेरिएबल जातो. मी जुलैमध्ये रुजू झाले असते तर पहिल्या वर्षी नऊच महिन्यांचा मिळाला असता.

शिरवळचा व्हेरिएबल छोटा, पण तो लाइनच्या रिजेक्शनच्या टक्क्यावर आणि हजेरीवर ठरतो. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनाच मी फोनवर विचारलं. ते म्हणाले की बहुतेकांना ९० टक्क्यांच्या आसपास मिळतो. मी तेवढाच धरला.

चाकणचा व्हेरिएबल ६० टक्के, शिरवळचा ९० टक्के आणि रिटेन्शन बोनस सध्या बाजूला, असा पूर्ण वर्षाचा हिशोब केला. चाकण ९ लाख ६९ हजार, शिरवळ ८ लाख ४८ हजार. पावणेतीन लाखांचा फरक सव्वा लाखावर आला होता. तरीही चाकण पुढे होतं. माझं माहेर किंवा सासर भोसरी-मोशीला असतं तर मी डोळे मिटून चाकणला गेले असते, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

पण मी साताऱ्यात राहते. मैत्रिणीकडून तिथले भाव घेतले. एका खोलीचं भाडं ११ हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं, मेस ४ हजार. दर शनिवारी घरी यायचं तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट असलं तरी रिक्षा वगैरे धरून महिन्याला अडीच हजार. एकूण साडेसतरा हजार, वर्षाला २ लाख १० हजार. सव्वा लाखाची आघाडी त्यात बुडाली आणि वर शिरवळच जवळजवळ ८९ हजारांनी पुढे गेलं. मामांनी उलटी बाजूही मांडून दाखवली. व्हेरिएबल शंभर टक्के मिळाला आणि रिटेन्शन बोनसही पदरात पडला, तर खर्च जाऊन चाकण वर्षाला ४० हजारांनी पुढे राहील. त्या ४० हजारांसाठी पाच रात्री मुलापासून लांब राहायचं का, एवढाच प्रश्न उरला. त्याचं उत्तर द्यायला मला वही लागली नाही.

मेडिक्लेम मात्र मी स्वतंत्र बसून वाचला, कारण सासूबाईंना बरीच वर्षं मधुमेह आहे. चाकणला ५ लाखांचं कव्हर होतं, पण ते मी, नवरा आणि मूल एवढ्यांनाच. सासू-सासऱ्यांसाठी वेगळा हप्ता स्वतः भरायचा होता. शिरवळला कव्हर ३ लाखांचंच, पण त्यात आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एक जोडी येते आणि आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले आहेत. हे मी तोंडी ऐकून सोडलं नाही, मेलवर लिहून मागितलं. खोलीभाड्याची मर्यादा विचारायलाही मामांनी सांगितलं होतं. शिरवळच्या पॉलिसीत ती कव्हरच्या एक टक्का आहे, म्हणजे दिवसाला ३ हजार. त्याहून महाग खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक भरून भागत नाही. डॉक्टर आणि ऑपरेशनच्या बिलातूनही त्याच प्रमाणात रक्कम कापली जाऊ शकते. घरच्यांना हे मी आधीच सांगून ठेवलं आहे. दाखल व्हायची वेळ आली तर खोली ३ हजारांच्या आतली घ्यायची.

शिरवळच्या एचआरला मी एकच मागणी केली, पीएफ पूर्ण बेसिकवर करा. त्यांनी नम्रपणे नाही सांगितलं; कंपनीचं धोरण सगळ्यांना सारखं आहे म्हणाले. पण माझ्या बाजूने जास्त कापून घ्यायची सोय आहे हेही त्यांनीच सांगितलं. त्याला व्हीपीएफ म्हणतात. त्यात कंपनी तिचा वाटा वाढवत नाही, फक्त माझा वाढतो आणि त्यावर पीएफचंच व्याज मिळतं.

२० एप्रिलच्या रविवारी निर्णय झाला. सोमवारी सकाळी चाकणच्या एचआरला नकाराचा मेल पाठवला, आभार मानून, चार ओळींत. त्यांचा फोन आला. २० हजार वाढवून देतो म्हणाले. कुठे वाढवणार असं विचारलं तर उत्तर आलं, व्हेरिएबलमध्ये. मी पुन्हा नाही म्हटलं.

३० एप्रिलला राजीनामा दिला. नोटीस साठ दिवसांची. नवी कंपनी थांबायला तयार होती, त्यामुळे नोटीसचे पैसे भरायचा प्रश्न आला नाही. ३० जूनला जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस झाला. तिथे माझी सहा वर्षं आणि अडीच महिने झाले होते, म्हणून ग्रॅच्युइटीचा हक्क होता. १८,५०० बेसिकचे पंधरा दिवस, भागिले सव्वीस, गुणिले सहा, म्हणजे ६४,०३८ रुपये. सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस वर उरले तर पुढचं वर्ष पूर्ण धरतात. माझे तेवढे नव्हते. फॉर्म आय भरून मी पोच घेतली. कायद्याने ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते, पण मला ३ सप्टेंबरला मिळाली. मधल्या काळात तीन वेळा जाऊन यावं लागलं आणि मनस्ताप झाला. तिसऱ्यांदा पोचपावतीची झेरॉक्स आणि तीस दिवसांचा उल्लेख असलेलं पत्र दिल्यावर चक्रं हलली. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका, एवढं कळकळीने सांगते.

१ जुलैला शिरवळला रुजू झाले. पहिल्या आठवड्यात दोन कामं केली. जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, देऊन पीएफ ट्रान्सफरला टाकला, पैसे काढले नाहीत. आणि एप्रिल ते जूनच्या जुन्या पगाराची माहिती फॉर्म १२बी भरून नव्या कंपनीला दिली, म्हणजे वर्षअखेरीला दोन फॉर्म १६ जोडताना घोळ होऊ नये.

बस सकाळी पावणेसातला पोवई नाक्यावर येते. जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, येताना घाट चढावा लागतो. घाटात एखादा ट्रक बंद पडला की घरी पोचायला साडेआठ होतात. रोजचे हे अडीच-तीन तास वहीतल्या कुठल्याच रकान्यात नव्हते, आणि थकवा येतो हे खरं आहे. पण मुलगा जागा असताना मी घरी असते.

३१ जुलैला पहिला पगार झाला. पे स्लिप उघडून मी वहीशी एकेक ओळ ताडून पाहिली. हातात ६३,८०० यायला हवे होते, आले ६३,४२५. कँटीनचे ३७५ दोनदा कापले गेले होते. मेल केला, ऑगस्टच्या पगारात परत आले. ऑगस्टपासून व्हीपीएफचे २,००० सुरू केले, म्हणून आता हातात ६१,८०० येतात आणि दुसरा रकाना तेवढ्याने वाढला आहे. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जाईल, तेही समासात लिहून ठेवलं आहे.

वही आता माझ्याकडे आहे. शिरवळच्या पानावरचे पहिले दोन रकाने निळ्या शाईतले आहेत. तिसऱ्यात ३९,१५० हा आकडा मामांच्या अक्षरात अजून पेन्सिलनेच आहे. पहिल्या वर्षी नऊच महिने भरतात, म्हणून त्याखाली मी माझ्या हाताने २९,३६३ लिहिले, तेही पेन्सिलनेच.